लोणारच्या फिल्मचं निवेदन: कामाच्या नोंदी

2 जुलै

आज सरांकडून पहिली स्क्रिप्ट आली. फिल्म चौदा मिनिटांची, विषय लोणारचं विवर, प्रेक्षक आठवी ते दहावीची पोरं, म्हणजे काही वर्गात प्रोजेक्टरवर बघतील आणि बाकीची घरी मोबाईलवर. शूटिंग झालंय, रफ कट झालाय, आता निवेदन बसवायचं. सरांचं भूगोलाचं ज्ञान दांडगं आहे त्यामुळे मजकुराची काळजी नाही, पण वाचायला घेतलं आणि पहिल्याच वाक्याला दम लागला. ते वाक्य इथं जसंच्या तसं उतरवून ठेवते कारण पुढचं सगळं काम याच्याभोवती फिरणार असं दिसतंय:

"सुमारे बावन्न सहस्र वर्षांपूर्वी अंतराळातून प्रचंड वेगाने मार्गक्रमण करीत आलेल्या अशनीच्या भीषण आघाताने दख्खनच्या कृष्णवर्णीय अग्निजन्य पाषाणात निर्माण झालेले हे वर्तुळाकार विवर निसर्गाच्या एकमेवाद्वितीय चमत्काराची साक्ष देत आजही उभे आहे."

तीस शब्द. आरामात वाचलं तर पंधरा-सोळा सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात रफ कटमध्ये चार शॉट बदलतात. (आणि विवर "उभे आहे"! खड्डा उभा कसा राहील. पण अशा भाषेच्या लयीत ते खटकतच नाही, हीच गंमत.)

सरांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, माहितीपटाला भारदस्तपणा नको का? पोरांच्या कानावर चांगली मराठी पडू दे की." मुद्दा अगदीच टाकाऊ नाहीये. त्यांच्या पिढीच्या कानात फिल्म्स डिव्हिजनचं निवेदन बसलंय, थिएटरात सिनेमाच्या आधी दाखवायचे ते, त्यांना माहितीपटाचा आवाज म्हणजे तोच आवाज. मी म्हटलं सर, दोन्ही प्रकारे करून बघू आणि पोरांसमोर लावू, आपण दोघांनी भांडण्यात अर्थ नाही.

4 जुलै

पहिला प्रयोग मुद्दाम आळशी केला. म्हणजे वाक्याची रचना तशीच ठेवली, फक्त जड शब्द काढून सोपे घातले. एडिटरचं म्हणणं होतं की एवढंच पुरे होईल, सहस्रचं हजार करा, पाषाणचा खडक करा, झालं काम. तर ते असं झालं:

"जवळपास बावन्न हजार वर्षांपूर्वी अवकाशातून खूप जोरात आलेल्या अशनीच्या जबरदस्त धडकेने दख्खनच्या काळ्या खडकात तयार झालेला हा गोल खड्डा आजही बघायला मिळतो."

कागदावर सोपं वाटतं. फोनवर रेकॉर्ड करून टाइमलाइनवर टाकलं आणि डोळे मिटून ऐकलं तर जवळपास तितकंच जड. का ते समजायला मला दोन-तीनदा ऐकावं लागलं. मराठीत क्रियापद येतं शेवटी, आणि त्याच्या आधी "आलेल्या", "झालेला", "धडकेने" असं सगळं डावीकडे रचत नेलं की ऐकणाऱ्याला अख्खा ढीग डोक्यात धरून बसावं लागतं, शेवटचा शब्द येईपर्यंत नक्की काय घडलं ते कळत नाही. वाचताना डोळा मागे जाऊ शकतो, कान जाऊ शकत नाही. त्यात समोर चित्र हलतंय. म्हणजे पोरगं ढीग धरून बसतं तरी किंवा चित्र बघतं तरी, आणि चित्रच बघणार, साहजिक आहे.

मग तिसरी आवृत्ती लिहिली, यात रचनाच मोडली:

"अवकाशातून एक मोठा दगड आला. प्रचंड वेगात. तो इथं, या काळ्या खडकावर आदळला. खडक फुटला, वितळला, उडाला, आणि मागे राहिला हा एवढा मोठा खड्डा. असा खड्डा म्हणजे विवर. आणि आकाशातून येऊन जमिनीपर्यंत पोचलेला दगड म्हणजे अशनी."

शब्द कमी झालेले नाहीत, उलट थोडे वाढलेच. पण प्रत्येक क्रियापदाला एक घटना मिळाली, आणि एडिटर म्हणाला की आता त्याला कट कुठं मारायचा ते आपोआप कळतंय: आला, आदळला, उडाला, राहिला. "अशनी" आणि "विवर" दोन्ही ठेवलेत. फक्त आधी गोष्ट घडते आणि मग नाव येतं, उलटं नाही.

5 जुलै

वाक्य मोडल्यावर एक वेगळंच काम निघालं. "बावन्न सहस्र वर्षांपूर्वी" हे लांब वाक्याच्या सुरवातीला छान दडून बसलं होतं. आता ते एकटं वाक्य होणार, "ही गोष्ट बावन्न हजार वर्षांपूर्वीची", आणि एकटं झालं की लगेच प्रश्न येतो की खरंच का? तपासलं. 52 हजार हा आकडा जुन्या मापनातून आलेला, थर्मोल्युमिनेसन्सच्या पद्धतीनं. नंतर आर्गॉनच्या समस्थानिकांवरून जे वय काढलं ते 5 लाख 70 हजार वर्षांच्या आसपास येतं. दहापट फरक! जुना आकडा अजूनही ठिकठिकाणी छापलेला सापडतो, पोरांनी दोन्ही वाचलेले असू शकतात. म्हणून निवेदनात दोन्ही घेतले: "आधी शास्त्रज्ञांना वाटायचं हे बावन्न हजार वर्षांपूर्वी झालं. नंतर दुसऱ्या पद्धतीनं मोजलं तर उत्तर आलं पाच लाख सत्तर हजार." पोरांना हे आवडेल असा माझा अंदाज आहे, शास्त्रज्ञांचंही उत्तर बदलतं हे त्यांना कोणी सांगत नाही.

तसंच "एकमेवाद्वितीय". साध्या भाषेत त्याचं काय होतं? "बेसॉल्ट खडकात असं विवर जगात फक्त इथंच आहे." असं सरळ लिहिलं की ते चूक आहे हे लगेच दिसतं, कारण ब्राझीलमध्ये बेसॉल्टमधली आघात-विवरं आहेत, वर्जेआओ आणि व्हिस्टा आलेग्रे ही त्यातली दोन. लोणार इतकं तरुण आणि इतकं नीट टिकलेलं आहे हे त्याचं वैशिष्ट्य, तेच लिहिलं: "काळ्या खडकातली अशी विवरं जगात फार थोडी आहेत, आणि त्यात इतकं शाबूत राहिलेलं हे." सरांनी हे लगेच मान्य केलं. म्हणाले विशेषण म्हणून घातलं होतं, दावा म्हणून नाही. बरोबर आहे, पण ऐकणारा त्यातला दावाच ऐकतो.

कर्मणी वाक्यांचंही तेच. "या विवराची प्रथम नोंद घेण्यात आली", "हे ज्वालामुखीचे मुख असल्याचे मानण्यात येत होते". कोणी घेतली? कोण मानत होतं? बोलीत उतरवायला गेलं की कर्ता शोधावाच लागतो. "1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं याची नोंद केली" असं झालं. आणि ज्वालामुखीच्या जागी: "पुष्कळ भूवैज्ञानिकांना वाटायचं हा जुना ज्वालामुखी आहे. मग इथल्या खडकांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. खडकाला भयंकर जोराचा धक्का बसला तरच ती बनते. ज्वालामुखीतून ती येत नाही." हा पुरावा 1973 च्या शोधनिबंधातला. सरांच्या मूळ स्क्रिप्टमध्ये एवढंच होतं की "संशोधनाअंती आघातजन्य उत्पत्ती सिद्ध झाली". म्हणजे जो सगळ्यात मजेदार भाग, काचेवरून गुन्हा उघडकीला आला, तो पाच शब्दांत गडप.

9 जुलै

पहिली चाचणी. एक मराठी माध्यमाचा आठवीचा वर्ग आणि एक सेमी इंग्रजीचा, दोन्हीकडे पहिली चार मिनिटं दाखवली. प्रत्येक वर्गाचे दोन गट केले, एका गटाला सरांची आवृत्ती, दुसऱ्याला मोडलेली. आवाज दोन्हीत माझाच, फोनवर रेकॉर्ड केलेला, म्हणजे आवाजाचा फरक मध्ये येऊ नये.

"आवडलं का" हे विचारायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, पोरं हो म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी फिल्म मधेच थांबवायची आणि म्हणायचं की तुझा मित्र आत्ता बाहेरून आला, त्याला सांग आतापर्यंत काय झालं. आणि ऐकायचं की ते स्वतःच्या शब्दांत सांगतात का आपलेच शब्द परत देतात.

सरांच्या आवृत्तीवर एका मुलानं सांगितलं, "निसर्गाचा चमत्कार आहे आणि तो साक्ष देतोय." कशाची? "निसर्गाची." शब्द कानात राहिले, घटना नाही. मोडलेल्या आवृत्तीवर एक मुलगी हातवारे करून सांगत होती की दगड आला, धाडकन आदळला, आणि खडकाचं पाणी झालं. पाणी झालं हे आम्ही कुठंच म्हटलं नव्हतं, "वितळला" याचं तिनं केलेलं रूपांतर. मला हेच हवं होतं.

पण खरा धडा वेगळाच मिळाला. आम्ही धरून चाललो होतो की संस्कृत शब्द पोरांना अडतात. तसं दिसलं नाही. मराठी माध्यमाच्या पोरांना गुरुत्वाकर्षण, अशनी, आम्लारी, सूक्ष्मजीव यातलं काही अडलं नाही, कारण ते पुस्तकात आहे, परीक्षेत येतं, रोजचं झालंय. अडले ते "दृष्टिक्षेपात", "सभोवार", "विलोभनीय", "मार्गक्रमण", जे कुठल्याच विषयात नाहीत आणि घरी कोणी बोलत नाही, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्यावाचून काही अडतही नाही. म्हणजे जड शब्द दोन जातींचे: एक कामाचे, दुसरे सजावटीचे. सजावटीचे सगळे जाणार. कामाचे राहतील.

सेमीवाल्यांचं उलटं. त्यांचं विज्ञान इंग्रजीत, त्यामुळे "आम्लारी" म्हटल्यावर चेहरे कोरे, "अल्कलाइन" म्हटल्यावर लगेच "हां, पीएच सातच्या वर". तर दोघांसाठी एकच निवेदन कसं करायचं? दोन शब्द शेजारी ठेवून अर्थ सांगत बसलं तर ते शिकवणीसारखं होतं. आम्ही असं केलं: "या तळ्याचं पाणी खारट तर आहेच, पण ते साबणासारखं बुळबुळीतही लागतं. आम्लारी आहे ते, पीएच दहाच्या आसपास." बुळबुळीत सगळ्यांना कळतं, आम्लारी एका वर्गाला, पीएच दोन्ही वर्गांना. कोणाला काही समजावून सांगितल्यासारखं वाटत नाही.

11 जुलै

दुसऱ्या टोकालाही जाऊन बघितलं कारण एडिटरचा आग्रह होता. त्याच्या ओळखीतल्या एका तरुण मुलानं, जो रील्सना आवाज देतो, त्यानं दोन मिनिटांचा भाग स्वतःच्या भाषेत केला. "तर गाईज, हा जो स्पॉट आहे ना, एकदम भन्नाट, म्हणजे लिटरली आकाशातून दगड पडलाय इथं." वेग दीडपट. वर्गात लावल्यावर पोरं हसली आणि मला वाटलं जमलं. पण मित्राला सांग म्हटल्यावर ती त्याची नक्कलच करत बसली, "गाईज, लिटरली", आणि विवर कशानं झालं ते सांगताना गडबडली. एक मुलगा नंतर येऊन म्हणाला की हे आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करतायत ना. झालं. तो प्रयत्न दिसला की संपलं.

म्हणून साधी मराठी म्हणजे इंग्रजी मिसळलेली मराठी नाही, हे इथं लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या फिल्मला परत तोच वाद. "लेक" नाही म्हणायचं, "तळं" म्हणायचं. पण "पीएच", "बेसॉल्ट", "कॅमेरा", "ड्रोन" जसे आहेत तसे.

14 जुलै

आज अख्खा दिवस "आपण"मध्ये गेला, पण तो घालवण्यासारखाच होता. सरांच्या स्क्रिप्टमध्ये "आपण पाहत आहात ते सरोवर..." हे आदराचं आपण. आणि दोन वाक्यांनी "आता आपण खाली उतरूया", हे सगळ्यांना धरून असलेलं आपण. एकाच निवेदकाच्या तोंडात दोन्ही आली की बोलणारी आमच्यासोबत आहे का स्टेजवर उभी आहे ते कळत नाही. आदराचं काढलं. "तू" करून बघितलं, "तू कधी इतका मोठा खड्डा बघितलायस?" ते एकट्यानं मोबाईलवर बघणाऱ्याला ठीक वाटतं पण वर्गात चाळीस जणांना "तू" म्हणजे मास्तर कोणाला तरी उभं करतायत असं वाटतं. "मुलांनो" आणि "बालमित्रांनो" तर नववीच्या पोरांना अपमानच. शेवटी "तुम्ही", आणि जिथं कॅमेरा खरंच चालतोय, पायऱ्या उतरतोय, तिथं सोबतचं "आपण". बाकी कुठं नाही.

"बरं का" आणि "ना" यांनाही चाळणी लावली. पहिल्या खर्ड्यात बोलकं करायच्या नादात दर तिसऱ्या वाक्याला "बरं का" आलं होतं, आणि ते ऐकताना कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. "म्हणजे" मात्र ठेवलं, तो शब्द काम करतो, पुढं खुलासा येतोय हे कानाला आधी सांगतो.

17 जुलै

आवाज निवडायचा दिवस. तिघांचे नमुने ऐकले. पहिला आवाज आकाशवाणी-छाप, खोल, फार सुंदर, पण साधी वाक्यंसुद्धा तो गंभीर करतो, "खडक फुटला" हे त्यानं एखाद्या निधनाची बातमी दिल्यासारखं वाचलं. भाषा साधी करून उपयोग नाही, सूर जुनाच राहिला तर स्क्रिप्ट परत वर चढून बसते. दुसरा आवाज कार्टून डबिंगवाला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आश्चर्य. तिसरी एक नाटकात काम करणारी मुलगी, तिशीच्या आतली, आवाज थोडा घोगरा. तिला मी वाचू नको म्हटलं, परिच्छेद एकदा बघ आणि कागद बाजूला ठेवून मला सांग. तिनं सांगितलं, आणि तिनं स्वतःहून जे शब्द बदलले ते मी स्क्रिप्टमध्ये बदलून घेतले. "त्यामुळे"च्या जागी ती सगळीकडे "म्हणून" म्हणत होती, आणि "निर्माण झाले" तिच्या तोंडातून एकदाही आलं नाही, "झालं", "बनलं", "तयार झालं" असंच येत होतं. तिलाच घेतलं.

मग प्रश्न आला प्रमाण बोलीचा. साधी बोली म्हणतो तेव्हा नकळत आपण पुण्या-मुंबईची बोली धरतो. लोणार बुलढाण्यात, तिथं वऱ्हाडी चालते, आणि आमच्याकडे तिथल्या एका आजोबांची मुलाखत आहे ज्यात ते "काहून" आणि "येऊन राह्यले" म्हणतात, फार गोड बोलतात. सर म्हणाले निवेदिकेनंही थोडं वऱ्हाडी बोलावं. मी नको म्हटलं, ती तिथली नाही, ती बोलली की सोंग होईल. आजोबांचं बोलणं मात्र तसंच ठेवायचं, वरून प्रमाण मराठीत आवाज चढवायचा नाही, आणि त्यांच्या आधी-नंतरच्या निवेदनात ठसठशीत पुणेरी वळणं येऊ द्यायची नाहीत, म्हणजे त्यांचं बोलणं "गावाकडचं" आणि आमचं "खरं" असं वाटणार नाही. ही चाचणी सोपी आहे: आजोबांच्या वाक्यानंतर लगेच निवेदन लावून ऐकायचं, कान खाली-वर होतो का बघायचं. दोन ठिकाणी होत होता, दोन्हीकडे निवेदनच काढून टाकलं, आजोबा आणि वाऱ्याचा आवाज पुरेसा आहे.

20 जुलै

आकडे. विवराचा व्यास 1.8 किलोमीटर. "पावणेदोन किलोमीटरहून किंचित अधिक" हे सरांचं. पावणे, सव्वा, अडीच हे मला जिवाभावाचे, पण सेमीच्या वर्गात "पावणेदोन" म्हणजे पोरांनी बोटं मोजली आणि तोपर्यंत पुढचं वाक्य निघून गेलं. जोडाक्षरी संख्यांचंही तसंच, "अडुसष्ट" का "अठ्ठावन्न" यात गोंधळ होतोच. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात "वीस एक" अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, तर ही अडचण आमच्यापुरती नाहीच. मी त्या वादात पडत नाही, मी आकडाच कमी करते. "एका कडेवरून समोरच्या कडेपर्यंत सरळ चालत जाता आलं असतं, तर वीस-पंचवीस मिनिटं लागली असती." नेमका आकडा त्याच वेळी स्क्रीनवर, 1.8 किमी, डोळ्यांसाठी. कानाला जे जमतं ते कानाला, बाकी अक्षरात.

निवेदिकेचा आरामाचा वेग मिनिटाला 110 शब्दांच्या आसपास येतो. चौदा मिनिटांत सलग बोललं तर पंधराशे शब्द होतील, पण सलग बोलायचंच नाहीये. नऊशेच्या आत आणायचं ठरवलंय. सरांची स्क्रिप्ट होती सतराशेची.

23 जुलै

आज सर जिंकले, आणि मला आनंद झाला.

दैत्यसूदनाच्या मंदिराचा भाग. तिथं लवणासुराची कथा येते, विष्णूनं त्याला मारलं, ती गावाच्या नावाशी जोडलेली कथा. मी ती पण सपाट बोलीत केली होती, "मग विष्णूनं त्याला मारून टाकलं". ऐकायला भयंकर वाटलं, जणू शेजारच्या गल्लीतली मारामारी. सर म्हणाले इथं माझी भाषा लावून बघ. लावली: "भूमीच्या उदरात दडून बसलेला तो दैत्य. देवांनाही अजिंक्य. अखेर विष्णू अवतरले, आणि त्यांनी लवणासुराचा वध केला." वर्गात ऐकवलं तर पोरं एकदम गप्प होऊन ऐकायला लागली, आणि नंतर सगळी कथा नीट सांगितली, "वध" आणि "अजिंक्य" यावर कोणी अडलं नाही. गोष्टीच्या भाषेत ते शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकलेत. शिवाय एक फायदा झाला जो मी धरला नव्हता: भाषा बदलल्यामुळे पोरांना आपोआप कळलं की ही पुराणकथा आहे आणि आधीची ती घडलेली घटना. "आता एक दंतकथा ऐकूया" असं वेगळं सांगावं लागलं नाही.

पण बघण्यासारखं हे की सरांच्या या तुकड्यातही वाक्यं छोटीच आहेत. तीस शब्दांचं वाक्य इथंही चाललं नसतं. जड शब्द पेलतात, जड वाक्य पेलत नाही.

कथेच्या तुकड्यासाठी निवेदिकेनं वेग कमी केला आणि सूर थोडा खाली नेला. बाहेर येताना, म्हणजे कथेतून परत विज्ञानात येताना, अर्ध्या सेकंदाची शांतता आणि मग एकदम साधं वाक्य: "आता तळ्याचं पाणी बघू."

26 जुलै

गुलाबी पाण्याचा भाग, जून 2020 चा. सरांचा खर्डा: "क्षारतेत झालेल्या वृद्धीमुळे लवणप्रिय सूक्ष्मजीवांच्या संख्येत लक्षणीय वाढ होऊन जलाशयास गुलाबी वर्ण प्राप्त झाला." यात कारणांची साखळी आहे आणि ती सगळी नामांत कोंबलीय, वृद्धी, वाढ, प्राप्ती. नामांची क्रियापदं केली की साखळी सुटी होते: "त्या उन्हाळ्यात तळ्यातलं पाणी खूप आटलं. पाणी कमी झालं, पण मीठ तेवढंच राहिलं, म्हणून पाणी आणखी खारट झालं. असं खारट पाणी आवडणारे काही सूक्ष्मजीव असतात, हॅलोआर्किया. ते भराभर वाढले. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं, आणि तोच रंग तळ्याला आला." मग पुण्याच्या आघारकर संस्थेत पाण्याचे नमुने तपासले गेले तो शॉट.

"तपासले गेले" हे कर्मणी मुद्दाम ठेवलंय. कोणी तपासले हे संस्थेच्या नावात आलंय आणि कर्ता पुढं आणला तर वाक्य उगाच लांबतं. नियम म्हणून कर्मणी हाकलायचं नाही, कर्ता लपत असेल तरच हाकलायचं.

इथं "लवणप्रिय" ठेवायचा का यावर सर आणि मी थोडं थांबलो, शब्द सुंदर आहे, अर्थही उघडा. पण लवणासुराच्या कथेनंतर दोन मिनिटांनी लवणप्रिय आलं की पोरांना वाटेल याचा त्याच्याशी संबंध. काढला.

29 जुलै

सबटायटलचा तिढा. निवेदिका म्हणते "केलं, झालं, पाणी आटलं". सबटायटल करणाऱ्यानं सवयीनं "केले, झाले, आटले" केलं. शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे त्याचं बरोबर आहे, एरवीच्या लेखनात एकारान्त रूप, अनुस्वाराची बोलीतली रूपं संवादात चालतात. पण सबटायटल हा संवादच झाला ना, कोणीतरी बोलतंय तेच आपण लिहितोय. कानात एक आणि डोळ्यासमोर दुसरं असलं की पोरं वाचताना अडखळतात, हे वर्गात दिसलं, विशेषतः जी हळू वाचतात त्यांच्यात. अनुस्वाराची रूपं ठेवायची ठरलं. स्क्रीनवरच्या माहितीच्या पाट्या मात्र प्रमाण लेखनात, "व्यास: 1.8 किमी", तिथं क्रियापदच नाही त्यामुळे भांडणही नाही.

हेच रेकॉर्डिंगच्या कागदावर. स्क्रिप्टमध्ये "केले" लिहिलं असेल तर चांगली नटीसुद्धा "केले" असंच म्हणते आणि मग पूर्ण वाक्याचा सूर पुस्तकी होतो, तिची चूक नाही, डोळा ओढतो. म्हणून रेकॉर्डिंगची प्रत वेगळी टाइप केली, सगळी रूपं बोलीतली, एका श्वासाचं वाक्य एका ओळीत, ओळ संपली की श्वास. ज्या ओळीत दुसरा श्वास लागतो ती ओळ परत लिहायची, हे तिलाच सांगून ठेवलंय, थांब आणि सांग.

1 ऑगस्ट

रेकॉर्डिंग झालं. शब्द 870 च्या आसपास राहिले. तीन ओळी तिथंच उभ्या उभ्या बदलल्या, त्यातली एक "विवराची कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा साधारण वीस मीटर उंच आहे" ही, चित्रात ती कड दिसतच नव्हती त्यामुळे वाक्य लोंबकळत होतं. एडिटर ड्रोनचा बाजूचा शॉट शोधतोय. मिळाला तर ओळ परत, नाहीतर गेली.

सर पूर्ण वेळ स्टुडिओत बसले होते. लवणासुराच्या तुकड्याला त्यांनी दुसरा टेक मागितला, "अजिंक्य"मधला "जिं" दबला म्हणून. दुसरा टेक खरंच चांगला आला, तोच घेतलाय. सोमवारी दोन्ही वर्गांत पूर्ण कट दाखवायचा, यावेळी दहावीचा एक गटही, आणि 6:40 ते 7:30 हा मॅस्केलिनाइटचा भाग नीट ऐकायचा, मला अजून तिथं "भयंकर जोराचा धक्का" पुरेसा स्पष्ट वाटत नाही.